मंदगती वाळू गाळणी : वेग, थर आणि परिपक्वतेचा काळ

नव्या नळयोजनेत गाळणीच्या हौदात वाळू भरली जाते, नदीचे पाणी वरून सोडले जाते आणि काही तासांनी तळाच्या नळीतून निवळ पाणी बाहेर पडू लागते. ते पेल्यात घेऊन उजेडात धरले तर स्वच्छ दिसते, आणि आता हे पाणी गावाला सोडण्यास हरकत नाही असे जमलेल्या मंडळींना वाटते. वस्तुतः त्या क्षणी गाळणीने पाण्यातील गाळ बराचसा अडविलेला असला, तरी रोगजंतू अडविण्याचे तिचे काम सुरूही झालेले नसते. ते सुरू होण्यास पहिल्या वेळी दोन ते तीन आठवडे लागतात. या अवधीला गाळणीच्या परिपक्वतेचा काळ म्हणतात. मंदगती गाळणीच्या योजनांत जे काही बिघडते, त्यातील बराच भाग हा काळ पुरता न पाळल्याने बिघडतो. तो पाळता येईल की नाही, हे मात्र गाळणीचा नकाशा काढतानाच ठरून गेलेले असते. पाण्याचा वेग, वाळूच्या थराची जाडी आणि हौदांची संख्या या गोष्टी परिपक्वतेशी कशा बांधलेल्या आहेत, हे या लेखात पाहावयाचे आहे.

या गाळणीची रचना अगदी साधी आहे. एक उभ्या भिंतींचा हौद; त्याच्या तळाशी निचऱ्याच्या छिद्रे पाडलेल्या नळ्या किंवा सांधे न भरता मांडलेल्या विटा; त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर खडीचा थर, खाली जाड आणि वर बारीक; खडीवर एक मीटर वाळू; आणि वाळूवर उभे राहिलेले सुमारे एक मीटर खोल पाणी. तळातून आलेले पाणी शेजारच्या कोठीत जाते आणि तेथील एका आडभिंतीवरून ओघळून शुद्ध पाण्याच्या टाकीत पडते. या आडभिंतीचा माथा वाळूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवावयाचा असतो. तसे केल्याने आत येणारे पाणी काही कारणाने थांबले तरी वाळू उघडी पडत नाही आणि तिच्यात हवा शिरत नाही. बांधकामात ही भिंत चार बोटे खाली राहिली, तर पुढे गाळणीत वारंवार हवा अडकते आणि त्याचे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

साय धरावी तसा थर

पाणी वाळूतून हळूहळू उतरू लागले, की पाण्यातील सूक्ष्म गाळ, शेवाळाचे तंतू, कुजलेला पाला आणि असंख्य सूक्ष्मजीव वाळूच्या पृष्ठभागावर साचू लागतात. दुधावर साय धरावी तसा तपकिरी, चिकट थर तेथे तयार होतो. जर्मन भाषेत त्याला 'श्मुट्सडेके', म्हणजे मळाचे पांघरूण, असे नाव आहे आणि जगभर तेच रूढ झाले आहे. नावात मळ असला, तरी पाणी शुद्ध करण्याच्या कामाचा मोठा वाटा हाच थर उचलतो. त्यातील जीव पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांवर जगतात, आणि पाण्याबरोबर आलेल्या रोगजंतूंना एक तर खातात, नाही तर त्यांचे अन्न हिरावून घेतात. या थराखालीही वाळूच्या प्रत्येक कणाभोवती अशाच जीवांचे पातळ आवरण तयार होते. सुमारे ३० ते ४० सेंटिमीटर खोलीपर्यंत ही वस्ती दाट असते, पुढे विरळ होत जाते. परिपक्व गाळणीतून शंभरातील नव्याण्णव किंवा त्याहून अधिक जीवाणू नाहीसे होतात. कोऱ्या वाळूकडून असे होत नाही, कारण जीवाणू हे वाळूच्या कणांमधील फटींपेक्षा कितीतरी लहान असतात आणि नुसत्या चाळणीने ते अडत नाहीत.

या वस्तीला दोन गोष्टी लागतात : अन्न आणि प्राणवायू. दोन्ही पाण्याबरोबरच येतात. म्हणून पाण्याचा प्रवाह मंद पण अखंड असला पाहिजे. प्रवाह थांबला की थोड्याच तासांत पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपतो, वरचा थर गुदमरतो, पाण्याला वास येऊ लागतो आणि त्यानंतर काही काळ बाहेर पडणारे पाणी निकृष्ट असते. ब्लीचिंग पावडर, जिला गावोगाव टीसीएल म्हणतात, ती गाळणीच्या पुढे, म्हणजे शुद्ध पाण्याच्या टाकीतच टाकावी. साथीच्या दिवसांत अतिदक्षतेपोटी कोणी ती नदीकाठच्या विहिरीत किंवा गाळणीच्या हौदात ओतली, तर गाळणीतील उपयुक्त जीवच मरतात आणि आठवड्यांची कमाई एका दिवसात जाते.

वेग किती असावा

वाळूच्या दर चौरस मीटर क्षेत्रातून दर ताशी १०० लिटर पाणी, हा या गाळणीचा नेहमीचा वेग समजला जातो. याचाच दुसरा अर्थ असा की, हौदातील पाण्याची पातळी आत पाणी येणे बंद केल्यास तासाला १० सेंटिमीटर उतरते. जलदगती गाळणीत हाच वेग सुमारे पन्नास पट असतो; परंतु तेथे तुरटी, मिश्रणयंत्रे, उलट प्रवाहाने धुण्याची सोय आणि सतत हजर असणारा जाणकार चालक लागतो. मंदगती गाळणीत हे सर्व काम वेळ करतो. वर उभे असलेले एक मीटर पाणी वाळूपर्यंत येण्यास दहा तास घेते. वाळूत कणांमधील पोकळी सुमारे दोन पंचमांश असल्यामुळे तेथे पाणी काहीसे वेगाने उतरते. तरीही एक मीटर थर ओलांडण्यास त्याला चार तास लागतात.

या दहा सेंटिमीटरांना जुना इतिहास आहे. लंडन येथे जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ साली चेल्सी जलपुरवठा कंपनीसाठी अशी गाळणी बांधली. तथापि, ती नेमके काय करते हे कळले ते १८९२ साली. त्या वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीच्या साथीने आठ हजारांवर माणसे दगावली. हॅम्बुर्ग एल्बे नदीचे पाणी न गाळता पीत होते. त्याला लागूनच असलेले आल्टोना हे शहर त्याच नदीचे, पण हॅम्बुर्गच्या सांडपाण्याने दूषित झालेले, प्रवाहाच्या खालच्या अंगाचे पाणी वापरीत होते. मात्र ते वाळूतून गाळून. आल्टोना जवळजवळ पूर्णपणे वाचले. दोन्ही शहरांची सरहद्द काही ठिकाणी एका रस्त्यावरून जात होती आणि साथ त्या रस्त्यापाशी थांबली. रॉबर्ट कॉख यांनी या घटनेचा अभ्यास करून गाळण्याचा वेग ताशी १०० मिलिमीटरहून अधिक नसावा, असा नियम सांगितला.

या कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. पुढच्याच हिवाळ्यात, १८९३ च्या आरंभी, आल्टोनातही पटकीचे रुग्ण आढळले. शोध घेता असे दिसले की, कडाक्याच्या थंडीत एक गाळणी सफाईसाठी उघडी केली असता तिची वाळू गोठली होती आणि तशा स्थितीत ती पुन्हा वापरात आणल्यावर जंतू पार निघून गेले. आपल्याकडे वाळू गोठण्याचा प्रश्न नाही. परंतु सफाईनंतर गाळणी काम करीत आहे असे गृहीत धरण्याचा धोका तोच आहे.

वेगासंबंधी एक खुलासा येथे केला पाहिजे. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हेग येथील आंतरराष्ट्रीय संदर्भ केंद्राच्या सहकार्याने मंदगती गाळणीचा सविस्तर अभ्यास केला. त्याच प्रकल्पात महाराष्ट्रातील बोरुजवाडा, आंध्र प्रदेशातील पोथुनुरू, हरियाणातील अबूबशहर आणि तमिळनाडूतील कामयगौंडनपट्टी या गावी प्रात्यक्षिक योजना उभारल्या गेल्या. नीरीच्या प्रयोगांत वेग दुप्पट केला तरी परिपक्व गाळणीच्या पाण्याचा दर्जा फारसा ढासळला नाही. गाळणी मात्र लवकर तुंबू लागली. उलट, दिवसा चालवून रात्री बंद ठेवलेल्या गाळणीच्या पाण्यात जंतुदोष स्पष्टपणे वाढला. म्हणजे शंभर लिटरांची मर्यादा ही क्षणभरही ओलांडू नये अशी लक्ष्मणरेषा नव्हे. ती हाताशी ठेवलेली शिल्लक आहे, आणि एक हौद सफाईला काढल्यावर दुसऱ्यांनी त्याचा भार उचलताना ती कामास येते. अखंडपणाच्या बाबतीत मात्र अशी शिल्लक नसते.

एका गावाचा हिशेब

योजनेच्या अखेरच्या वर्षी दोन हजार लोकसंख्या होईल असे एक गाव घेऊ. २०१९ साली जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर माणशी दर दिवशी ५५ लिटर पाणी धरले गेले. त्याप्रमाणे गावाची गरज १,१०,००० लिटर होते. गाळणी चोवीस तास चालणार असेल, तर ताशी सुमारे ४,६०० लिटर पाणी गाळावे लागेल आणि त्यासाठी ४६ चौरस मीटर वाळूचे क्षेत्र पुरेल.

आता हे क्षेत्र एकाच हौदात द्यावयाचे की अनेक हौदांत? एकच हौद बांधणे स्वस्त पडते. परंतु तो सफाईला काढला की गावाचे पाणी बंद होते, आणि मग तो परिपक्व होईपर्यंत थांबण्याचे धैर्य कोणत्याही सरपंचाला होणार नाही. होऊही नये, कारण लोक पर्याय म्हणून उघड्या नाल्यावर जातील. २४ चौरस मीटरचे दोन हौद बांधले, तर एक बंद असताना दुसऱ्यावर चौरस मीटरमागे ताशी १९० लिटरांचा भार येतो. हे चालू शकते, पण अगदी काठावर. प्रत्येकी पाच मीटर लांब व ३.२ मीटर रुंद, म्हणजे १६ चौरस मीटरचे, तीन हौद केले तर नेहमीचा वेग ९६ लिटरांच्या आसपास राहतो आणि एक बंद असताना उरलेल्या दोहोंवर सुमारे १४४ लिटर येतात. हे त्यांना सहज पेलते. तिसऱ्या हौदाच्या भिंतींचा जादा खर्च दिसतो. त्याने विकत घेतलेले चार मोकळे दिवस अंदाजपत्रकात दिसत नाहीत. या लेखकाच्या मते ग्रामपंचायतीने नकाशा पाहताना सर्वांत आधी हौद किती आहेत तेच विचारावे.

दुसरा प्रश्न विजेचा. वरील हिशेबात गाळणी चोवीस तास चालते असे धरले आहे; पंप मात्र बहुधा आठच तास चालतो. येथे दोन मार्ग आहेत. पहिला असा की, नदीचे पाणी गाळणीपेक्षा उंचावरील टाकीत साठवावे आणि पंप बंद असताना ते आपल्या भाराने गाळणीत येऊ द्यावे. आपल्या गावासाठी सोळा तासांची ही साठवण सुमारे ७३,००० लिटरांची होते. तिच्यात थोडा गाळही खाली बसतो, हा आणखी एक लाभ. दुसरा मार्ग असा की, पंप बंद झाल्यावरही गाळणीचा बाहेरचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा. वरचे पाणी उतरत जाते, वेग मंदावत जातो, पण प्रवाह तुटत नाही. अशा रीतीने सोळा तासांत दर चौरस मीटरमागे सुमारे ७०० लिटर मिळतात. दिवसाच्या आठ तासांतील ८०० लिटर त्यात मिळविले, की एकूण १,५०० लिटर होतात. म्हणजे आपल्या गावाला ४६ ऐवजी ७३ चौरस मीटर वाळू लागेल, तीनऐवजी पाच हौद. साठवणटाकी महाग की दोन हौद महाग, हे जागा आणि चढ-उतार पाहून ठरवावे. चोवीस तासांच्या हिशेबाने बांधून आठ तास चालविणे, हा तिसरा मार्ग मात्र मार्गच नव्हे. त्यात पाणीही कमी मिळते आणि रात्री व्हॉल्व्ह बंद केला तर तेही दूषित मिळते.

वाळू आणि तिची जाडी

मंदगती गाळणीला बांधकामाच्या वाळूपेक्षा बारीक वाळू लागते. वाळू चाळली असता ज्या चाळणीतून वजनाने दहा टक्के वाळू खाली पडते, त्या छिद्राचा आकार ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावा. ज्या चाळणीतून साठ टक्के पडते तिचे छिद्र याच्या तिपटीपेक्षा, फार तर पाचपटीपेक्षा, मोठे नसावे. अन्यथा मोठ्या कणांमधील जागा लहान कण भरून टाकतात आणि थर लवकर तुंबतो. वाळू धुतलेली पाहिजे. काचेच्या बाटलीत मूठभर वाळू व पाणी घालून हलवावे; वाळू खाली बसल्यावरही वरचे पाणी मातकट राहिले, तर ती पुन्हा धुवावयास लावावी. न धुतलेली वाळू घातलेल्या गाळणीतून कित्येक आठवडे मातीच बाहेर येत राहते आणि परिपक्वता आली की नाही हे कळेनासे होते.

थर एक मीटरचा घेतात तो आरंभी सगळाच लागतो म्हणून नव्हे. प्रत्येक सफाईत वरची सुमारे दोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढावी लागते आणि ती लगेच परत घालावयाची नसते. दर दोन महिन्यांनी सफाई झाली, तर वर्षाला १२ सेंटिमीटर जातात आणि चार वर्षांनी थर अर्ध्या मीटरवर येतो. अर्धा मीटर ही थांबण्याची खूण. वर सांगितलेली जीवांची वस्ती ३० ते ४० सेंटिमीटर खोल असते. तिच्याखाली थोडी वाळू सुरक्षिततेसाठी राहिली पाहिजे. हौदाच्या आतील भिंतीवर वाळूच्या मूळ पातळीची आणि तिच्याखाली अर्ध्या मीटरची रेघ रंगवून ठेवली, तर मोजणीसाठी कोणाला बोलवावे लागत नाही.

पहिले तीन आठवडे

नवी गाळणी प्रथम तळातून, म्हणजे उलट दिशेने, स्वच्छ पाण्याने भरावी. त्यामुळे वाळूतील हवा वर निघून जाते. पाणी वाळूवर दहा सेंटिमीटर चढले की वरून नदीचे पाणी हलकेच सोडावे. धार थेट वाळूवर पडून खड्डा होऊ नये म्हणून ती दगडी फरशीवर पडेल असे करावे. वरचे पाणी मीटरभर झाल्यावर बाहेरचा व्हॉल्व्ह थोडा उघडून आरंभी नेहमीच्या निम्म्याहून कमी वेगाने गाळणी सुरू करावी आणि काही दिवसांत तो वेग हळूहळू पुरता करावा. या काळातील पाणी गावाला न देता निचऱ्याच्या नळीने नदीत किंवा परत कच्च्या पाण्याच्या टाकीत सोडावे. ही निचरा नळी प्रत्येक हौदाला स्वतंत्र असली पाहिजे. ती नसली, तर पाणी वाया घालविण्याची इच्छा असूनही ते घालविता येत नाही.

परिपक्वता आली हे डोळ्यांनी ठरविता येत नाही. हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटल्या आता बहुतेक ग्रामपंचायतींना परिचित आहेत. कच्च्या पाण्याची एक आणि गाळलेल्या पाण्याची एक अशा दोन बाटल्या जलसुरक्षकाने एकाच वेळी, टीसीएल मिसळण्यापूर्वीच्या पाण्याने भराव्यात. आरंभी दोन्ही काळ्या होतील. गाळलेल्या पाण्याची बाटली ४८ तासांनंतरही काळी पडेनाशी झाली, आणि असे तीन-चार दिवस सलग दिसले, की जिल्हा प्रयोगशाळेकडे कोलिफॉर्म तपासणीसाठी नमुना पाठवावा. तेथील अहवाल आल्यावर पाणी टाकीकडे वळवावे आणि त्यानंतरही टीसीएलची नेहमीची मात्रा चालू ठेवावी, कारण नळाच्या फुटक्या सांध्यातून शिरणारे जंतू गाळणी थोपवू शकत नाही. पाणी उबदार असते तेव्हा परिपक्वता लवकर येते. थंडीत उशीर लागतो.

येथे कार्यालयीन अडचण अशी की, ठेकेदाराचे काम वाळू भरून पाणी सुरू झाले की संपते, मार्चअखेर बिल द्यावयाचे असते आणि उद्घाटनाची तारीख ठरलेली असते. हे तीन आठवडे कोणाच्याच कामात मोजलेले नसतात. निविदेतच 'गाळणी परिपक्व करून व प्रयोगशाळेचा अहवाल जोडून हस्तांतरण' असे कलम घातले, तर हा प्रश्न सुटतो. त्या काळातील पंपाचे वीजबिल कोणी भरावयाचे, हेही त्याच कलमात लिहावे.

सफाई आणि त्यानंतरचे दोन दिवस

गाळणी चालू असताना वरचा थर दाट होत जातो, म्हणून तेवढेच पाणी मिळविण्यासाठी बाहेरचा व्हॉल्व्ह दररोज थोडा थोडा उघडावा लागतो. तो पूर्ण उघडला तरी पाणी कमी पडू लागले, की सफाईची वेळ आली. चालू वेग तपासण्याची रीत शाळकरी मुलालाही जमेल. आत येणारे पाणी अर्धा तास बंद करावे आणि भिंतीला लावलेल्या पट्टीवर पातळी किती उतरली ते पाहावे. पाच सेंटिमीटर उतरली, तर वेग ताशी शंभर लिटर. याची रोज एक नोंद ठेवली, तर तुंबण्याची चाहूल आठवडाभर आधी लागते. पावसाळा नसताना दोन-तीन महिने चालणारी गाळणी पंधरा दिवसांत तुंबू लागली, तर कच्चे पाणी गढूळ येत आहे असे समजावे. गढूळपणा ३० एन.टी.यू.च्या वर बराच काळ राहिला, तर ही गाळणी त्याला पुरी पडत नाही. आपल्या नद्या पावसाळ्यात या मर्यादेच्या कितीतरी वर जातात. म्हणून नदीपात्रातील झिरपविहिरीतून पाणी घेणे, किंवा गाळणीआधी जाड खडीची प्राथमिक गाळणी बांधणे, हा आपल्याकडे जादा खर्च नसून योजनेचाच भाग आहे. पाण्यातील क्षार आणि फ्लोराइड मात्र यांपैकी कशानेच जात नाहीत.

सफाईसाठी हौदातील पाणी वाळूच्या पृष्ठभागाखाली १० ते २० सेंटिमीटर एवढेच उतरवावे. संपूर्ण हौद रिकामा करू नये. खालची वस्ती जिवंत राहिली पाहिजे. पहाटे सुरुवात करावी, उन्हात थर वाळू देऊ नये. चपला बाहेर काढून, स्वच्छ पायांनी किंवा धुतलेल्या बुटांनी, फळ्यांवर उभे राहून सपाट फावड्याने दोन सेंटिमीटर वाळू उचलावी. १६ चौरस मीटरच्या हौदातून वीस-पंचवीस घमेली वाळू निघते आणि तीन-चार माणसांचे काम दुपारपर्यंत आटोपते. मग पुन्हा तळातून पाणी भरून गाळणी सुरू करावी.

यानंतर एक ते दोन दिवस, क्वचित तीन दिवस, पाणी वाया सोडावयाचे असते. पहिल्या वेळेइतका काळ लागत नाही, कारण वरचे पांघरूण गेले तरी खालच्या कणांवरील वस्ती शाबूत असते. परंतु हेच दोन दिवस सर्वांत अधिक टाळले जातात. गाळणी सुरू असताना दोन दिवस पाणी नाल्यात जाते हे पाहून लोक चिडतात, आणि चालक व्हॉल्व्ह फिरवून मोकळा होतो. आपल्या उदाहरणात नवा हौद निम्म्या वेगाने पिकविला, तर दिवसाला सुमारे १९,००० लिटर जादा पाणी उपसावे लागते. आठ तासांत गावाची १,१०,००० लिटरांची गरज भागविणारा पंप ताशी १४,००० लिटरांचा लागतो. तो नेमका तेवढाच घेतला, तर हे जादा पाणी येणार कोठून? ताशी १७,००० लिटरांचा पंप घेतला, की आठ तासांत दोन्ही भागते. पंपाच्या निवडीत हे तीन हजार लिटर नसले, तर सफाईनंतरचे दोन दिवस पाळा असे चालकाला बजावून काही उपयोग नसतो.

खरवडलेली वाळू लगेच धुवावी, कारण साचून राहिली की ती कुजते आणि मग धुऊनही वास जात नाही. धुतलेली वाळू झाकून साठवावी. थर अर्ध्या मीटरवर आला, की ती परत भरावयाची. पण उरलेल्या जुन्या वाळूवर ओतून नव्हे. हौदात अरुंद पट्टा आखून तेथील जुनी वाळू बाजूला काढावी, त्या जागी खाली धुतलेली वाळू घालावी आणि तिच्यावर जुनी पसरावी. मग पुढचा पट्टा घ्यावा. जुन्या वाळूत वस्ती तयार असल्याने ती वर आली की गाळणी लवकर पिकते. तरीही हे काम एका वेळी एकाच हौदात करावे, आणि ते पावसाळ्याचा गढूळपणा ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, थंडी वाढण्यापूर्वी हाती घ्यावे.